काढायचा आकडा आणि वाढायचा आकडा

क्रूझ जहाजाच्या गॅलीत रोस्ट सेक्शनला उभं राहणाऱ्याला दोन आकडे सांभाळावे लागतात. एक, मांस ओव्हनमधून काढायचा आकडा आणि दुसरा, ते पाहुण्याच्या ताटात वाढायचा आकडा. हे दोन कधीच सारखे नसतात. मी मालवणकडचा. घरात मटण म्हणजे वाटप लावून रटरटवलेलं आणि हाडापासून सुटेपर्यंत शिजवलेलं. जहाजावर गेल्यावर पहिल्यांदा पाहिलं की मांस आतून गुलाबी ठेवून मुद्दाम वाढतात आणि त्या गुलाबी रंगालाही पायऱ्या असतात. माझं बीफचं सगळं काम परदेशी जहाजांवर झालं. मेंढीच्या मटणाचंही बरंचसं तिथलंच. त्या गॅलीत जे शिकलो त्यातला एकच भाग इथे सांगतो, कारण पुस्तकात आकड्यांचा तक्ता मिळतो, पण आच बंद झाल्यावर मांसाच्या आत काय चालू राहतं ते त्या तक्त्यात नसतं.

आधी तक्ता उरकून घेऊ. हे सगळे आकडे मांसाच्या गाभ्याचे, म्हणजे सर्वांत जाड भागाच्या अगदी मधले, आणि वाढतानाचे आहेत. बीफ रेअर म्हणजे 49 ते 52 अंश सेल्सिअस. मिडियम-रेअर 54 ते 57. मिडियम 60 ते 63. मिडियम-वेल 65 ते 68 आणि 71 च्या वर गेलं की वेल-डन. मेंढीच्या कोवळ्या मटणाला, म्हणजे लॅम्बला, साधारण हेच आकडे लागू पडतात, फक्त त्यात रेअर मागणारे फार कमी.

हे आकडे कुणी मनाने ठरवलेले नाहीत. मांसातली प्रथिनं आपापल्या तापमानाला बदलतात. 50 च्या आसपास मायोसिन नावाचं प्रथिन आळायला लागतं. तोवर लिबलिबीत असलेलं मांस तिथे धरून येतं आणि सुरीखाली स्वच्छ कापलं जातं. 60 च्या पुढे तंतूंभोवतीची आवरणं आक्रसतात आणि ओला स्पंज पिळल्यासारखं पाणी बाहेर यायला लागतं. 66 ते 73 च्या दरम्यान ॲक्टिन हे दुसरं प्रथिन आळतं, आणि त्यानंतर मांस घट्ट, कोरडं लागतं. रंग मायोग्लोबिनचा. तेही 60 च्या पुढे हळूहळू लाल सोडून करडं-तपकिरी होतं. ताटात दिसणारं लाल पाणी या मायोग्लोबिनचं असतं. रक्त कत्तलीच्या वेळीच निघून गेलेलं असतं. नव्याने गॅलीत आलेल्या आपल्या मुलांना हे मी पहिल्याच दिवशी सांगायचो, कारण ताटात रक्त आहे असं वाटलं की त्यांचा हात आपोआप मांस पुन्हा शेगडीवर टाकायला जायचा.

म्हणजे 54 आणि 60 यांत फक्त सहा अंशांचा फरक, पण पाहुण्याच्या तोंडात ते दोन वेगळे पदार्थ असतात. आणि आच बंद केल्यावर गाभा किती चढेल, तो आकडाही याच मापाचा असतो. सगळी अडचण इथे आहे.

आमच्याकडे ठरलेल्या संध्याकाळी प्राइम रिब असायची. बैलाच्या बरगडीवरचा, पाठीकडचा मोठा तुकडा. हाड काढून बांधलेला, साडेचार-पाच किलोचा आणि पंधरा सेंटिमीटरच्या आसपास जाडीचा. असे तुकडे ओळीने ट्रेवर मांडून 120 अंशांच्या ओव्हनमध्ये दुपारीच जायचे. प्रत्येक ट्रेमधल्या एका तुकड्यात प्रोब खोचलेला असायचा. गाभा 51 दाखवायला लागला की ट्रे बाहेर. पाऊण तासाने आत 54 असायचे. हे इतकं नियमित होतं की रोस्ट सेक्शनच्या भिंतीवर फक्त 51 लिहून ठेवलं होतं. का, ते कुणी विचारत नव्हतं.

एका बंदरात माल चढायला उशीर झाला. मांस गॅलीत पोचलं तेव्हा दुपार टळत आली होती आणि जेवणाची वेळ बदलणार नव्हती. त्या वेळच्या सू-शेफने ओव्हन 120 ऐवजी 200 वर नेला. तेवढ्या वेळात दुसरा उपायही नव्हता. तुकडे छान तांबूस झाले. भिंतीवरच्या 51 ला ट्रे बाहेर निघाले आणि सगळ्यांना हायसं वाटलं. नेहमीप्रमाणे वर फॉइल टाकून ते बाजूला ठेवले. कापायला घेतलं तेव्हा प्रोब 60 दाखवत होता. कडेपासून दोन बोटं आतपर्यंत करडी रिंग आणि मध्ये फिकट गुलाबी मिडियम. रेअर आणि मिडियम-रेअरच्या ऑर्डरी रांगेत उभ्या आणि आमच्याकडे देण्यासारखा एकही काप नाही. त्या रात्री फ्रीजमधले स्टेक काढून ग्रिलवर टाकत वेळ मारून नेली.

मुख्य शेफ वयस्कर गोवेकर होते. आरडाओरडा त्यांच्या स्वभावात नव्हता. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "पोरा, दोन प्रोब घे आणि माझ्याबरोबर उभा राहा." त्यांनी एक तुकडा 200 अंशांत लावला. एक प्रोब अगदी गाभ्यात खोचला आणि दुसरा पृष्ठभागापासून जेमतेम एक सेंटिमीटर आत. गाभा 46 ला आला तेव्हा बाहेरचा प्रोब 78 दाखवत होता. एकाच तुकड्यात साडेसहा सेंटिमीटरच्या अंतरात बत्तीस अंशांचा फरक. त्यांनी तुकडा बाहेर काढला, फॉइल सैलसर टाकली आणि मला वहीत दर दहा मिनिटांनी दोन्ही आकडे लिहायला लावले.

दहा मिनिटांनी गाभा 49, बाहेरचा 71. वीस मिनिटांनी 52 आणि 66. तिसाव्या मिनिटाला 54 आणि 62. चाळिसाव्याला 56 आणि 59. त्यानंतर गाभा तिथेच थबकला, बराच वेळ हलला नाही, मग दोन्ही आकडे बरोबरीने उतरायला लागले. बाहेरची उष्णता उतरताना आणि आतली चढताना डोळ्यांसमोर दिसत होती. इतकी वर्षं गेली, पण रेस्टिंग म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी अजून ती दोन स्तंभांची वही सांगतो.

कारण साधं आहे. ओव्हन मांसाला फक्त बाहेरून तापवतो. गाभ्याला उष्णता मिळते ती बाहेरच्या थराकडून, आणि मांस उष्णता फार सावकाश पुढे सरकवतं. म्हणून गाभा 46 ला येईपर्यंत बाहेरचे थर सत्तरी-ऐंशीला जाऊन बसलेले असतात. ओव्हनमधून काढलं म्हणजे बाहेरची आच तुटली, पण त्या थरांत साठलेली उष्णता तिथेच असते. ती दोन बाजूंना जाते. थोडी खोलीतल्या हवेत, थोडी आत गाभ्याकडे. जोवर गाभ्याभोवतीचा थर गाभ्यापेक्षा गरम आहे तोवर गाभा चढत राहतो. दोन्हींची बरोबरी झाली की चढणं थांबतं आणि पूर्ण तुकडा एकत्र थंड होऊ लागतो. मांस स्वतः उष्णता निर्माण करत नाही, आणि बाहेर काढल्यावर ते शिजत राहतं यात काही गूढही नाही. उष्णता फक्त जागा बदलत असते.

हे एकदा कळलं की त्या संध्याकाळी काय झालं ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 120 च्या ओव्हनमध्ये मांस सावकाश तापतं आणि उष्णतेला आत पोचायला वेळ मिळतो. गाभा 51 ला असताना एक सेंटिमीटरवरचा थर पासष्टच्या आतबाहेर असतो. वाटायला उष्णता थोडी, म्हणून चढ तीन अंशांचा. 200 च्या ओव्हनमध्ये बाहेरचे थर कितीतरी जास्त गरम, म्हणून चढ नऊ-दहा अंशांचा. भिंतीवरचा 51 हा त्या मांसाचा आकडा नव्हताच. तो त्या मांसाचा आणि त्या ओव्हनचा मिळून होता. शेफनी तो पुसून खाली दोन ओळी लिहायला लावल्या: 120 ला 51, 200 ला 45.

पाककृतींत अनेकदा एकच ठोक नियम दिलेला असतो, की हव्या त्या तापमानाच्या पाच अंश आधी काढा. मला तो नियम पटत नाही. दोन किलोच्या तुकड्याला मध्यम ओव्हनमध्ये तो जमून जातो, बाकी ठिकाणी फसवतो. चढ किती होणार हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. ओव्हन किती गरम होता, आणि तुकडा किती जाड होता.

जाडीचं गणित थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. उष्णता आत सरकायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट. तीन सेंटिमीटर जाडीच्या स्टेकचा गाभा शेगडीवरून काढल्यावर तीन-चार मिनिटांतच वर पोचून थांबतो आणि फार तर दोन-तीन अंश चढतो, कारण त्याचा पातळ बाहेरचा थर तेवढ्यात हवेत थंड होऊन जातो. पंधरा सेंटिमीटरच्या रोस्टला तोच प्रवास करायला पाऊण तास लागतो. त्यामुळे स्टेकसाठी मी दोनच अंश राखतो. मिडियम-रेअरसाठी 53 ला काढायचा, पाच मिनिटं जाळीवर ठेवायचा आणि पाठवायचा. ट्रेवर सपाट ठेवला तर खालची बाजू आपल्याच वाफेत ओली होते आणि मेहनतीने आणलेली कडक पापडी जाते, म्हणून जाळी.

फॉइलनेही फरक पडतो, आणि तो लोकांना वाटतो त्यापेक्षा जास्त. उघड्या मांसावरून पाणी वाफ होऊन जातं आणि ती वाफ उष्णता सोबत नेते. फॉइल घट्ट गुंडाळली की ती वाट बंद. मग बाहेरच्या थराची जास्त उष्णता आत वळते आणि मोठ्या रोस्टमध्ये गाभा आणखी दोन-तीन अंश चढतो. गॅलीत आम्ही फॉइल नुसती वर टाकायचो, कडा उघड्या ठेवायचो. आणि चढ मध्येच थांबवायची वेळ आलीच तर एकच खात्रीचा उपाय, तुकडा कापणे. कापला की गरम बाहेरचा थर आणि गाभा दोघांनाही हवा लागते, दहा मिनिटांत खेळ संपतो. रस थोडा जास्त सांडतो, पण 60 वर गेलेला रोस्ट परत 54 वर आणता येत नाही.

रसाबद्दलही सांगायला हवं. मांस विश्रांतीला ठेवलं की रस परत आत शोषला जातो असं सरसकट सांगतात. माझ्या पाहण्यातलं असं की गरमागरम कापलं तर पाटावर थारोळं होतं आणि थोडं निवू दिलं तर ते कमी होतं. निवताना रस दाट होतो आणि तंतूंमध्ये धरून राहतो. माझ्यासाठी रेस्टिंगचं पहिलं काम मात्र तापमान स्थिर करणं हेच. गाभा चढत असताना कापलं तर पहिला काप रेअर आणि अर्ध्या तासाने कापलेला शेवटचा काप मिडियम, आणि दोन्ही एकाच टेबलावर जातात.

हे सगळं प्रोबवर अवलंबून, आणि प्रोब खोटा बोलला तर सगळंच व्यर्थ. गॅलीत दर पाळीच्या सुरुवातीला बर्फाची परीक्षा व्हायची. ग्लासभर बर्फाचा चुरा, त्यात तो बुडेल इतकंच पाणी, ढवळायचं, प्रोब मध्यभागी धरायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. 0 दाखवला पाहिजे. एका अंशापेक्षा जास्त चुकला तर तो प्रोब बाजूला. जुने घड्याळासारखे तबकडीचे थर्मामीटर आम्ही मांसासाठी वापरत नसू. त्यांचा तापमान टिपणारा भाग टोकापासून पाच-सहा सेंटिमीटर वरपर्यंत पसरलेला असतो, त्यामुळे स्टेकमध्ये ते गाभा आणि बाहेरचा थर यांची सरासरी सांगतात. बारीक टोकाच्या डिजिटल प्रोबचा टिपणारा भाग अगदी टोकाला असतो.

खोचायची पद्धतही ठरलेली. स्टेकमध्ये वरून नाही, बाजूने, म्हणजे टोक बरोबर मध्यावर जातं. मोठ्या तुकड्यात टोक गाभ्याच्या थोडं पलीकडे न्यायचं आणि हळूहळू मागे ओढत आकडा पाहत राहायचा. सर्वांत कमी दिसेल तो गाभा. हाडाला टोक टेकता कामा नये आणि चरबीच्या शिरेतही नको, दोन्ही ठिकाणी मांसाचा खरा आकडा मिळत नाही. काही जण हाताच्या अंगठ्याचा गुबगुबीत भाग दाबून त्याच्याशी स्टेक ताडून पाहतात. एकाच प्रकारचा, एकाच जाडीचा स्टेक रोज शंभर वेळा भाजणाऱ्याचं बोट खरंच शिकतं. पण फिले आणि रम्प दाबायला कधीच सारखे लागत नाहीत, म्हणून मी ते नव्या मुलांना शिकवलं नाही.

रंगावरही भिस्त नको. कापल्यावर मांसाला हवा लागते आणि दोन-चार मिनिटांत ते आणखी लालसर दिसू लागतं. पाहुणा म्हणतो कच्चं आहे, आणि प्रोब 58 दाखवत असतो. उलटंही होतं, आणि ते जास्त धोक्याचं. खिम्याचं बर्गर कधीकधी 71 च्या बरंच आधी आतून तपकिरी होतं आणि शिजल्यासारखं दिसतं.

इथे सुरक्षिततेचा प्रश्न येतोच, आणि तो टाळून गुलाबी मांसाविषयी बोलू नये. अखंड तुकड्यात जंतू बाहेरच्या पृष्ठभागावर असतात. पृष्ठभाग नीट भाजला की रेअर स्टेक देता येतो तो याच कारणाने. खिमा केला की बाहेरचा पृष्ठभाग मिसळून आत जातो, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम खिम्याला 71 अंशांचा आहे आणि अखंड तुकड्याला 63 अंश आणि वर तीन मिनिटांची विश्रांती. ही तीन मिनिटं नियमातच धरली आहेत, कारण तेवढ्या वेळात मांस गरम राहून जंतू मरत राहतात. सुयांनी टोचून मऊ केलेले स्टेक मिळतात. दिसायला ते अखंड, पण सुया बाहेरचं आत नेतात, म्हणून मी त्यांना खिम्यासारखंच वागवतो.

मग 54 चा प्राइम रिब कसा चालतो? इथे वेळ कामाला येतो. अमेरिकेच्या फूड कोडमध्ये अखंड रोस्टसाठी तापमान आणि वेळ यांच्या जोड्या दिल्या आहेत. 54 अंशांना थोडं वर, म्हणजे 130 फॅरनहाइटला, 112 मिनिटं. 60 अंशांना 12 मिनिटं. 63 ला 4 मिनिटं. तापमान कमी तर वेळ जास्त. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांवर तिथल्या आरोग्य खात्याचे तपासनीस न सांगता चढतात आणि तापमानाच्या नोंदवह्या उलटून पाहतात. त्यामुळे आमचे रोस्ट गाभा 54 च्या वर गेल्यावर 55-56 अंशांच्या गरम कपाटात जायचे आणि पहिल्या कापापर्यंत तिथेच मुरत राहायचे, आणि त्या वहीत नुसता आकडा चालत नसे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत तेही लिहावं लागे. गर्भवती, लहान मुलं, फार वयस्कर किंवा आजारातून उठलेल्या पाहुण्यांना मी गुलाबी मांस सुचवलं नाही. कुणी मागितलंच तर आधी सांगायचं आणि मग त्यांच्यावर सोपवायचं.

वेल-डन मागणाऱ्याला कमी लेखणारे शेफ मी पाहिले आणि मला ते आवडले नाहीत. रोस्टची दोन्ही टोकं नैसर्गिकच जास्त शिजतात. मध्ये 54 असताना टोकाला 68-70 असतं. टोकाचा खरपूस काप वेल-डनवाल्याला द्यायचा, तो खूश असतो. आणखी करडं हवं असेल तर काप रोस्टच्या गरम रसात अर्धं मिनिट बुडवायचा. रंग जातो, कोरडं होत नाही.

मेंढीच्या मटणात माझं मत थोडं वेगळं आहे. लॅम्बच्या बरगड्यांची रांग, म्हणजे रॅक, छोटी असते आणि 220 च्या ओव्हनमध्ये पटकन होते. 52 ला काढली की 56 पर्यंत जाते, आणि तो गुलाबी काप उत्तम लागतो. अख्खी मांडी मात्र मी 54 ला काढून 60 ला वाढतो. कारण चरबी. मेंढीची चरबी बीफपेक्षा घट्ट असते, आणि रेअर मांडीत ती पुरती वितळत नाही, टाळूला मेणासारखी चिकटते. मिडियमला ती सुटते आणि वासही सौम्य होतो. ताटं गरम असली पाहिजेत, नाहीतर वितळलेली चरबी दोन मिनिटांत पुन्हा थिजते. मांडीत हाड मधोमध जातं आणि जाडी कुठेच सारखी नसते, म्हणून प्रोब दोन ठिकाणी लावायचा, आणि कमी आकडा खरा मानायचा.

खांदा, नळी आणि मान यांना वरचा कुठलाच तक्ता लागू नाही. तिथे जोडउतीचं, म्हणजे कोलॅजनचं, राज्य असतं. ते 70 च्या पुढे विरघळायला लागतं, पण खऱ्या अर्थाने मऊ व्हायला 85 ते 95 अंश आणि दोन-तीन तास लागतात. प्राणी जितका वयस्कर तितका जास्त वेळ. या प्रदेशात दोन-चार अंश इकडे-तिकडे झाले तर काही बिघडत नाही. इथे घड्याळ बघायचं.

आपल्याकडचं मटण बोकडाचं, आणि त्यातलं जवळपास सगळं याच दुसऱ्या प्रकारात जातं. घरी आल्यावर अनेकांनी विचारलं की बोकडाची रान गुलाबी ठेवून का करत नाहीस. दोन कारणं. जहाजावरचं बीफ आणि लॅम्ब थंडीत मुरवून आलेलं असतं. बाजारातलं मटण सकाळी कापलेलं आणि दुपारी शिजवलेलं, त्याचे स्नायू अजून ताठच असतात. 56 ला ते चिवट लागतं, चव कितीही चांगली असली तरी. दुसरं, दुकानात ते एकाच ठोकळ्यावर, एकाच सुरीने लहान तुकडे होऊन येतं. तुकडा लहान म्हणजे पृष्ठभाग जास्त, आणि रस्श्यातल्या बोटीला अखंड तुकड्याची सुरक्षितता मिळत नाही. कोवळ्या बोकडाचे चाप मी आणून दोन दिवस फ्रीजमध्ये उघडे ठेवतो, भाजतो आणि 68-70 पर्यंत नेतो. रान झाकून 150 च्या ओव्हनमध्ये, गाभा नव्वदीला जाऊन प्रोब लोण्यात गेल्यासारखा आत शिरेपर्यंत.

पण आच बंद झाल्यावरची ती पाऊण तासाची गोष्ट घरच्या स्वयंपाकातही आहे, आणि ती मला वहिनीने दाखवली. तिने विचारलं होतं, "भावोजी, शिट्ट्या किती घेऊ? कधी मटण दाताखाली येतं, कधी हाडं मोकळी होतात. शिट्ट्या तर मी तेवढ्याच घेते." कुकरमध्ये शिट्टीच्या दाबाला पाणी 120 अंशांच्या जवळपास असतं. गॅस बंद केला तरी दाब आपोआप उतरायला दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ मटण शंभराच्या वरच असतं. तिला विचारलं तेव्हा कळलं की घाई असली की ती शिट्टी उचलून वाफ सोडते आणि निवांत असली की कुकर तसाच राहतो. म्हणजे शिट्ट्या तेवढ्याच, पण एका दिवशी पंधरा मिनिटं जास्त शिजलेलं. शिवाय वाफ एकदम सोडली की आतला रस्सा भसाभस उकळतो आणि बोटीतलं पाणी बाहेर फेकलं जातं. आता ती एक शिट्टी कमी घेते आणि कुकर आपोआप पडू देते. कलेजी त्यात घालत नाही. झाकण उघडल्यावर रस्सा पुन्हा उकळला की मग टाकते, आणि सात-आठ मिनिटांत गॅस बंद करते.